क्षमापत्र : अखेरचा मसुदा

(रंगमंचावर एक खुर्ची आणि भिंतीला एक खुंटी. निवृत्त अव्वल कारकून प्रवेश करतो. काळी टोपी, उपरणे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात दोऱ्याने बांधलेली कागदांची चळत. वाकून नमस्कार.)

मंडळी, पाडव्याला माझ्या घरी पंक्तीस बसलेले सर्व पाहुणे आज पुन्हा समोर बसले आहेत, असे आपण कृपा करून गृहीत धरावे. म्हणजे पहिल्या रांगेत माझे मेहुणे, त्यांच्या शेजारी आमच्या हिच्या मिरजेच्या मावशी, मागे शेजारची दोन बिऱ्हाडे, आणि अगदी दाराशी तो तरुण, जो कोणाबरोबर आला होता हे विडा खाऊन होईपर्यंत कोणालाच कळले नव्हते. (चष्म्यावरून पाहतो.) सर्व इसम हजर. कामास प्रारंभ करण्यास हरकत नाही.

हे पत्र चारचौघांत वाचावे ही अट माझी नव्हे. मी आमच्या हिची क्षमा त्याच रात्री, दिवा मालवल्यावर, भिंतीकडे तोंड करून, स्वतःलादेखील जेमतेम ऐकू येईल अशा स्वरात मागितली होती. त्यावर अंधारातून एवढाच प्रश्न आला, "दुपारी आवाज एवढाच होता का हो?" उभी हयात मामलेदार कचेरीत अर्जदारांना उत्तरे देऊन थकवण्यात गेली, पण या एका अर्जदारापुढे माझे दफ्तर बंद पडले. अपमान भर पंक्तीत आणि माफी पांघरुणात, हा व्यवहार कोणत्याही कायद्यात बसत नाही.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी लेखी मसुदा दाखल केला. (वरचा कागद काढून, गंभीर स्वरात.) "काल दिनी भोजनप्रसंगी माझ्या मुखातून निघालेल्या काही शब्दांमुळे जर आपल्या अंतःकरणास क्लेश झाले असतील, तर त्याबद्दल मी दिलगीर आहे." काय भारदस्त वाक्य! कलेक्टरसाहेबांनी यावर डोळे मिटून सही केली असती. संध्याकाळी कागद परत आला, 'जर'भोवती पेन्सिलीचे वर्तुळ, आणि समासात शेरा : "झाले असतील म्हणजे? वाड्याच्या दिंडीपर्यंत आवाज गेला होता. आणि 'काही शब्द' कोणते, ते लिहा."

मी ते लिहिले. पण त्यांच्या पुढे 'परंतु' घातला. परंतु ऊन फार होते, परंतु पंगतीला उशीर झाला होता, परंतु श्रीखंड खरोखरच पातळ होते. या मसुद्यावर शेरा आला नाही. पुढचे तीन दिवस आमटीही आली नाही.

(मावशींच्या चिरक्या आवाजात, पदर सावरत.) "अगं बाई! आमच्या मिरजेला नाही हो असं!"

या मावशी. मिरजेला काय नसते याची यादी करायची झाल्यास मिरजेचे स्टेशन तेवढे शिल्लक राहील.

असो. तेव्हा मूळ प्रकरणाचा पंचनामा करणे प्राप्त झाले. पंक्तीत मी जे ओरडलो ते शब्दशः असे : (एकदम ओरडून) "हे श्रीखंड आहे की ताक? एवढं वय झालं, साधं दही बांधता येत नाही?" (खालच्या आवाजात.) हे माझे शब्द. आता श्रीखंडाची हकीकत ऐका.

पाडव्याच्या आदल्या रात्री आमच्या हिने पाच शेर दही पंच्यात बांधून स्वयंपाकघरातील या खुंटीला लटकावले, खाली पातेले ठेवले. असे दही रात्रभर निथळले पाहिजे, घाई चालत नाही. सकाळी गाठोडे ठिबकायचे थांबते, पंचा सोडल्यावर चक्का ताटात सुटा पडतो आणि ताटाला पाणी सुटत नाही, ही त्याची परीक्षा. कारण पुढे त्यात बरोबरीने साखर पडते, साखर स्वतः विरघळताना चक्का अधिकच सैल करते, आणि मुळातच ओला असलेला चक्का मग पुरणयंत्रातून कितीही फिरवला, वर केशर, वेलदोडा, चारोळ्या यांची कितीही मातब्बरी केली, तरी वाटीत तो आपली मूळ वृत्ती प्रकट केल्यावाचून राहत नाही.

ही सर्व माहिती मला आज आहे. पाडव्याच्या पहाटे नव्हती. त्या पहाटे एक इसम स्नान करून, गुढीच्या पूजेसाठी सोवळे वाळत घालण्यास, कोणाचा स्पर्श होणार नाही अशी उंच जागा शोधत स्वयंपाकघरात आला. त्याला खुंटी दिसली. खुंटीवर गाठोडे दिसले. (गाठोडे दोन हातांनी उतरवल्याचा अभिनय, इकडे तिकडे पाहतो, खाली पातेल्यात ठेवतो.) इसमाने गाठोडे खालच्या पातेल्यात, म्हणजे रात्रभर गळलेल्या त्याच पाण्यात, अलगद बसवले, खुंटीवर सोवळे पसरले, आणि "देवकार्य आधी" असे म्हणून तो निघून गेला.

आमची ही उठली तेव्हा चक्का आपल्या माहेरी परत जाऊन बसला होता. तिने तो पुन्हा टांगला, पण गेलेले तास परत टांगता येत नाहीत. इसमाचे नाव तिला ठाऊक होते, कारण खुंटीवर पुरावा वाळत होता. पंक्तीत त्याच इसमाने तिला "दही बांधता येत नाही" म्हणून विचारले, तेव्हा ती एका वाक्यात त्याला सर्वांसमक्ष उताणा पाडू शकली असती. ती बोलली नाही.

(मेहुण्यांच्या सानुनासिक आवाजात, बोट नाचवत.) "मी तेव्हाच ओळखलं होतं! नियम म्हणजे नियम!"

हे मेहुणे. रेल्वेच्या हिशेब खात्यात असतात. पातळ श्रीखंडाबद्दल भर पंक्तीत पहिला 'च्' यांनी काढला, ज्यावरून माझे डोके फिरले. आणि त्यानंतर त्याच श्रीखंडाच्या वाट्यांमागून वाट्या यांनी रिचवल्या, त्यांचा हिशेब मात्र कोणत्याही खात्यात नोंदलेला नाही.

(थांबतो. चष्मा काढून उपरण्याने पुसतो.)

मंडळी, एकदा कचेरीत, जमीनमहसुलाच्या वसुलीच्या दिवसांत, खातेदारांनी ओसरी भरलेली असताना, आमच्या साहेबांनी एका चुकलेल्या बेरजेवरून मला उभे करून झापले होते. बेरीज माझी नव्हती. साहेब काय बोलले त्यातला एक शब्द आज मला आठवत नाही. पण समोर बसलेला एक म्हातारा शेतकरी, जो दरवर्षी मला 'रावसाहेब' म्हणून नमस्कार करीत असे, त्याने त्या क्षणी मला लाजवू नये म्हणून मान वळवून बाहेरच्या चिंचेकडे पाहिले, ती वळलेली मान मला आजही दिसते. माझ्या पंक्तीत त्या दिवशी सर्व पाहुण्यांनी अशाच माना खाली घातल्या, जो तो आपल्या पानातले मीठ निरखू लागला, आणि आमची ही हातातली पळी तशीच धरून, त्या खाली घातलेल्या मानांच्या रांगेसमोर उभी राहिली, मग तिने शेजाऱ्यांना विचारले, "भात वाढू?" तिचा तो स्वर ऐकून मला कळायला हवे होते. ज्याला एकेकाळी ओसरी कळली होती त्याला पंगत कळू नये, हे कोणत्या—

(मावशी.) "अगं बाई, विचारतेस काय, वाढ की भात! मिरजेला विचारत नाहीत!"

(चष्मा लावून) वाढते आहे हो, मावशी. आता मंजूर झालेला मसुदा वाचतो. (शेवटचा कागद उघडतो.)

"सौभाग्यवतीस. पाडव्याच्या दिवशी सर्व पाहुण्यांसमक्ष मी तुझ्यावर ओरडलो. श्रीखंड पातळ होण्यास कारण मी होतो. पण ते तुझ्या हातून बिघडले असते तरीही मला ओरडण्याचा अधिकार नव्हता. मी तुझी बिनशर्त क्षमा मागतो. यापुढील वर्तनातील बदल येणेप्रमाणे :

कलम पहिले. स्वयंपाकघरातील खुंटी, पूर्वेस शिंकाळे, पश्चिमेस फळी, दक्षिणेस चूल, उत्तरेस भिंत, येणेप्रमाणे चतुःसीमा असलेली, आजपासून तुझ्या कायम ताब्यात राहील. माझे सोवळे माडीवरच्या दांडीवर वाळेल आणि मी ते स्वतः वाळत घालीन.

कलम दुसरे. पंक्तीत पदार्थात काही उणे वाटल्यास मी तो मुकाट्याने खाईन. पाहुणे गेल्यावर, तू विचारलेस तरच सांगेन. पाहुण्यांपैकी कोणी 'च्' केल्यास, त्यास उत्तर देणे हे माझे काम. तो 'च्' तुझ्याकडे रवाना करणे हे नव्हे.

कलम तिसरे. माझा स्वर चढू लागला की तू फक्त विचारायचे, 'वेलदोडे संपले का हो?' हे ऐकताच मी, वाक्य अर्धे असले तरी तेथेच तहकूब करून, पायांत वहाणा घालून वाण्याकडे जाईन. घरात वेलदोडे असल्याची सबब चालणार नाही.

कलम चौथे. वरीलपैकी कोणतेही कलम मोडल्यास पुढील सणाचे श्रीखंड, दही बांधण्यापासून पुरणयंत्र फिरवून ते धुण्यापर्यंत, मी एकट्याने करीन. पाहुण्यांनी नावे ठेवली तर ती मला ठेवावीत."

तिसऱ्या कलमाची चाचणी गेल्या आठवड्यात झाली, आणि त्यातला दोष लगेच उघड झाला. हिने वेलदोड्यांचे विचारले, मी उठलो, तोच शेजारी म्हणाले, "बसा हो, आमच्याकडे आहेत, आणतो." आता मी रागावलेला, आणि जाण्यास कारण नाही! सबब कलमास दुरुस्ती जोडली आहे : "वेलदोडे घराच्या मालकानेच आणले पाहिजेत, असा आमच्या कुळाचा आचार आहे." कुळास हा आचार मागील बुधवारपासून आहे.

आता साक्षीदारांच्या सह्या. मावशी, आपण अंगठा—

(मावशी.) "आमच्या मिरजेला सही करतात!"

करा, करा. मेहुणे, आपण. काय? दुसऱ्या कलमातला 'च्' गाळावा? का म्हणून? आपण 'च्' केलाच नव्हता? (स्वर चढू लागतो.) अहो, भरल्या पंक्तीत, डाव्या हाताने मिशी पुसत, वाटी पालथी करून दाखवीत आपण 'च्' केला, आणि वर आज मला नियम शिकवता? आपल्या बहिणीच्या घरी येऊन, रिकाम्या हाताने येऊन, बत्तासादेखील न आणता येऊन, माझ्याच पत्रात मला—

(एकदम थांबतो. आतल्या बाजूस कान देतो. मान हलवतो. कागद घडी करून खिशात ठेवतो, वहाणा घालतो, दाराशी वळतो.)

मेहुणे, तुम्हीही चला. वाणी लांब आहे, आणि पैसे तुम्ही देणार आहात.

(पडदा.)