सोमवारी निम्मंच

गड्या, महिनाभराचा राहिलेला व्यायाम सोमवारी एकाच सकाळी वसूल करायचा, हा तुझा बेत मला मान्य नाही. "आधी शंभर बैठका मारतो, मग जिमला जातो, अंग मोकळं होईल," म्हणालास. मोकळं होणार नाही. बुधवारी जिना उतरताना कठडा धरावा लागेल आणि तिथेच तुझा दुसरा महिना बुडेल.

घरच्या लग्नाच्या धावपळीत व्यायाम सुटला, यात शरमेसारखं काही नाही. ताकद अशी महिन्याभरात पळून जात नाही, बरीचशी अंगात असते. आधी उतरतो तो दम. व्यायाम थांबला की रक्तातला पातळ भाग पहिल्या काही आठवड्यांतच कमी होतो, मग तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून दोन मजले चढून धाप लागली. व्यायाम सुरू झाला की हे लवकर भरून निघतं.

खरी फसगत मांड्यांची होते. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी सगळा भार पेलत असतो. याच कामाने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. नियमित व्यायाम करणाऱ्याला त्याची सवय झालेली असते. तुझी आता सैल झाली आहे. त्यातून हे दुखणं लगेच येत नाही. पहिल्या दिवशी वाटतं, जमलं की! खरा ठणका येतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यामुळे सोमवारी किती झेपलं हे सोमवारी कळतच नाही, म्हणून आकडा आधीच ठरवून जायचा.

अमेरिकेतल्या व्यायाम प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये खंडानंतर परतणाऱ्या खेळाडूंसाठी एक सोपं माप दिलं: पहिल्या आठवड्यात नेहमीपेक्षा ५० टक्के कमी काम, दुसऱ्यात ३० टक्के, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १० टक्के कमी. तोच हिशेब मी तुझ्या स्क्वॉटला लावला. तू ६० किलोचे दहा-दहाचे तीन सेट मारायचास, म्हणजे एकूण १८०० किलो. पहिल्या आठवड्यात ४५ किलोचे दहाचे दोनच सेट, ९०० झाले. दुसऱ्यात साडेबावन्न किलोचे आठाचे तीन, १२६०. तिसऱ्यात पुन्हा ६० किलो, पण आठाचे तीन. चौथ्यात नऊचे तीन. पाचव्या आठवड्यात तू आपल्या जागी. दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा सोड आणि सेट संपवताना अजून तीन-चार सहज निघतील असं वाटलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात फारच हलकं वाटेल, वाटू दे.

आपलं नगर कुस्तीचं. २०२५ ची महाराष्ट्र केसरी इथेच झाली, तेव्हापासून तुझ्या डोक्यात तालमीचे आकडे बसलेत. पण तालमीतल्या पोराच्या बैठका वर्षानुवर्षं, रोज थोड्या थोड्या वाढत गेलेल्या असतात. त्याचा आजचा आकडा उचलून तुझ्या पहिल्या दिवसावर ठेवायचा, हा हिशेबच चुकीचा.

कळसूबाईचंही तेच. रविवारी निघू म्हणतोस. १६४६ मीटरचं शिखर, बारीतून चढताना दम काढेल, पण बसून श्वास घेता येतो. मांड्या धरतात त्या उतरताना, कारण प्रत्येक पावलाला त्याच स्नायूंना शरीराचा वेग आवरावा लागतो. शिड्या आणि दगडी उतार, तेही तासन् तास. त्यात पाय थरथरायला लागले तर घसरणं आलंच. चार आठवडे पुरे कर, पाचव्या आठवड्यानंतरचा रविवार माझा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. साधं दुखणं हालचाल केल्यावर थोडं सैल होतं आणि चार-पाच दिवसांत जातं. पण मांड्या सुजून टणक झाल्या, पायात जोर उरला नाही किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर ते अंगदुखीचं लक्षण नाही. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली आहेत आणि मूत्रपिंडांवर बेतू शकतं. खंडानंतर एकदम शेकड्यांनी मारलेल्या बैठका हे त्याचं नेहमीचं कारण आहे, धडधाकट तरुणांमध्येसुद्धा. अशा वेळी मनाने वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, त्यातल्या काही मूत्रपिंडांना आणखी जाच करतात. सकाळ व्हायची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि व्यायाम कधी, किती केला हे डॉक्टरांना सांगायचं. रात्री दोन वाजले असले तरी मला फोन कर, मी गाडी काढतो.