विषय : बेंगळुरूस जाण्याबाबत

आमच्या चाकणच्या कारखान्यात वरिष्ठांकडे पैसे मागायचे तर अर्जाला तीन अंगं लागतात: कशाला जायचं, किती लागणार आणि आम्हाला काय मिळणार. पहिली दोन मला झकास जमतात. जानेवारी 2025 मध्ये बेंगळुरूला आयमटेक्स हे मशीन टूल्सचं मोठं प्रदर्शन होतं, 23 ते 29 तारखेपर्यंत, जोडीला परिसंवाद; तेव्हा मी देहूतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर मुलाची भूमितीची वही बाजूला सारून, अर्ज लिहायला बसलो. विमान, शहराच्या मध्यभागी बऱ्यापैकी हॉटेलात तीन रात्री, रोज टॅक्सी, आणि ‘किरकोळ’ या भारदस्त नावाखाली दोन हजार, असं करत करत एकूण रक्कम गेली एकेचाळीस हजारांवर. लाभाच्या रकान्यात लिहिलं, ‘टीमची ज्ञानवृद्धी होईल.’

बायकोने वाचलं. “अहो, एवढ्यावर आमच्या भिशीतल्या बायका हजार रुपये देणार नाहीत.”

साहेबांनी ते निराळ्या शब्दांत सांगितलं. ‘ज्ञानवृद्धी’वर लाल गोल काढून बाजूला लिहिलं, ‘दरमहा किती रुपये?’ मग अकाउंट्सवाल्यांनी हॉटेलच्या आकड्यावर बोट ठेवलं. खोलीवरचा जीएसटी कर्नाटकात लागतो, आपली नोंदणी महाराष्ट्रातली, तो आपल्याला वजा मिळत नाही, म्हणून खोली करासकट धरा. मी तो कर परत मिळणार म्हणून खर्चातून आधीच वजा केला होता. विमानाच्या तिकिटावरचा कर मात्र कंपनीचा जीएसटी क्रमांक दिला तर वजा मिळू शकतो, आणि नेमका तिथेच मी क्रमांक देणार नव्हतो, कारण तिकीट माझ्या मेहुण्याच्या ॲपवरून स्वस्त पडत होतं.

पण खरी शोभा झाली ती नकाशाने. प्रदर्शनाची जागा शहरात नाहीच, पार बाहेर तुमकुरू रस्त्यावर, मादावरापाशी. विमानतळ देवनहळ्ळीकडे, म्हणजे वेगळ्याच टोकाला. आणि तुमकुरू रस्ता म्हणजे कोण, तर आपला पुण्याहून जाणारा हायवे! ज्या हायवेवर देहूरोडच्या ट्रकच्या गर्दीत मी रोज हॉर्न वाजवत म्हातारा होतोय, तोच आठशे-साडेआठशे किलोमीटर पुढे जाऊन प्रदर्शनाच्या जवळून जातो. मी तिथे पोहोचायला आधी लोहगावला जाऊन, आकाशातून बेंगळुरू गाठून, शहराच्या मध्यभागी झोपून, रोज टॅक्सीने परत आपल्याच रस्त्यावर येणार होतो.

म्हणून दुसरा अर्ज. वाकडहून बुधवारी रात्रीची स्लीपर बस, एक रात्र पीण्याकडची साधी खोली, तिथून मादावरापर्यंत मेट्रो, शुक्रवारी रात्री परत. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि 23 तारीख गुरुवारच होती, म्हणजे कामाचा एकच दिवस बुडणार. प्रवेश, परिसंवाद, जेवण धरून साडेबावीस हजार. ‘किरकोळ’ गेलं. मला वाईट वाटलं.

राहिला लाभ. त्यासाठी मी लाइनवर आमच्या सेटरजवळ स्टूल टाकून बसलो. एक इन्सर्ट साडेचारशे रुपयांचा, त्याला चार कोपरे, एका कोपऱ्यावर एकशेवीस नग निघतात, मग चकाकी जाते, काठाला बर येते आणि सेटर हातानेच ओळखतो की कोपरा फिरवायची वेळ झाली. (मी ओळखायला गेलो तर बोट कापलं.) म्हणजे नगामागे सुमारे 94 पैसे. प्रदर्शनात इन्सर्टवाल्या कंपन्यांना आमचा धातू, वेग आणि फीड दाखवून चांगली ग्रेड मागितली आणि तिने कोपऱ्यामागे दीडशे नग दिले, तर 75 पैसे. एकोणीस पैशांचा फरक! पण महिन्याला वीस हजार नग म्हणजे पावणेचार हजार रुपये, म्हणजे सहा महिन्यांत खर्च वसूल. खाली लिहिलं, ‘हे सगळं ट्रायल यशस्वी झाली तरच; दीडशेऐवजी एकशेतीस निघाले तर वसुलीला वर्षाहून अधिक लागेल.’ ही ओळ लिहिताना हात थरथरला. पण साहेबांनी नेमकी तीच दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे माणूस म्हणून पाहिलं.

“उत्तम,” ते म्हणाले. “पण वेग, फीड, बर हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी अभिमानाने सेटरचं नाव घेतलं.

अर्ज संध्याकाळी मंजूर होऊन आला. एक पैसा कापला नव्हता. फक्त ‘जाणाऱ्याचे नाव’ या रकान्यात माझ्यावर काट मारून सेटरचं नाव घातलं होतं. बुधवारी रात्री तळवड्याच्या ट्रॅफिकमधून त्याला वाकडला बसपर्यंत सोडायला मीच गेलो. त्या पेट्रोलसाठी ‘किरकोळ’ हवंच होतं.