आधी वाघ, मग फ्लॅट

चंद्रपुरातल्या छोट्या टू बीएचके फ्लॅटची जाहिरात बहुधा ताडोबापासून सुरू होते. "निसर्गरम्य परिसर, व्याघ्रप्रकल्प जवळ" वाचून जिप्सी शोधावी की घर, हेच कळत नाही. वाघ हा इथे विक्रीचा मुद्दा नव्हे; दुर्गापूर-ऊर्जानगरकडे तर तो मुद्दाम न लिहिलेलाच बरा.

पहिल्या ओळीत जागा, मजला, चटई क्षेत्र आणि किंमत हवी. त्यामागोमाग या फ्लॅटचीच खासियत यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या गावात "वर आणखी एक मजला, बेडरूमची भिंत पश्चिमेला नाही, कूलरसाठी खिडकी आणि पाण्याची सोय" हे वाक्य इटालियन टाइल्सपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणते. इरईकाठच्या वस्तीजवळ घर असेल, तर "पूररेषेबाहेर" हेही वरच लिहावे, अर्थात ते खरे असेल तर. वीज केंद्राची चिमणी दिसणाऱ्या गॅलरीला "विहंगम दृश्य" म्हणू नये. वाळत घातलेले कपडेच खरे सांगतात.

मॉड्युलर किचन, पार्किंग, शाळा नंतर. सुपर बिल्टअपचा फुगवलेला आकडा कुठेच नको: रेराच्या चटई क्षेत्रात बाल्कनी मोजत नाहीत.