अंगठ्याची बडतर्फी

गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणीपट्टीचा हिशेब मागणाऱ्या सभासदास ॲडमिन महाशयांनी अंगठ्याच्या एका स्पर्शाने बडतर्फ केले, तरी त्याचे सभासदत्व तसूभरही ढळत नाही. कारण १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये हकालपट्टीस त्याची कैफियत ऐकणे, सर्वसाधारण सभेत उपस्थित मतदारांचे तीन-चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकांची मंजुरी, एवढा सरंजाम लागतो. उलट, जो आपखुशीने गुपचूप निघून जातो, त्याची वर्दी केवळ ॲडमिनकडे पोहोचते (आणि तेथून, अर्थातच, जिन्यावर). माजी सदस्यांच्या यादीत मात्र ६० दिवस त्याचे नाव ग्रुपमधील कोणासही वाचता येते. त्यावरून रुसवा सिद्ध होत नाही. सुप्रभातीच्या चित्रांनी त्याचा फोन तुंबला असणेही संभवनीय आहे. देखभाल-शुल्काची थकबाकी दोघांच्याही नावे पूर्ववत राहते.