शुभ प्रभात, खिडकी मिळाली का?

कर्जत स्टेशनात पहाटेच्या लोकलसाठी धावत आलेल्या माणसाला कुणी 'शुभ प्रभात' म्हणालं, तर तो आधी खिशातलं पाकीट चाचपेल. एवढ्या अंधारात इतकं गोड बोलणारा माणूस एकतर विमा विकत असणार, नाहीतर नगरपालिकेला उभा राहणार. रोजचा सोबती असलं काही बोलत नाही. तो म्हणतो, "काय, आज उशीर?" धावत आलेला म्हणतो, "अहो, रिक्षाच मिळेना." लगेच तिसरा बाकावर सरकून घेतो, "या, बसा." झाला नमस्कार. वर बूड टेकायला जागा मिळाली ती वेगळीच.

आपल्याकडे सकाळी भेटलेल्या माणसाला शुभेच्छा देत नाहीत, डोळ्यांनी जे दिसतंय त्याचीच चौकशी करतात. खांद्याला पिशवी दिसली की "काय, निघालात?" टॉवेल दिसला की "आंघोळ का?" हातात कोथिंबिरीची जुडी दिसली की "बाजारात जाऊन आलात वाटतं?" उत्तर समोर ढळढळीत दिसत असतं, तरी विचारायचं. ज्याला हे ठाऊक नाही तो शहरी जावई "दिसत नाही का?" असं म्हणून सासुरवाडीतली इज्जत घालवून बसतो. जाणता माणूस आधी 'हो' म्हणतो, मग एखादी बारीकशी माहिती जोडतो, मग प्रश्न परतवतो. "हो, निघालो. खोपोलीला काम आहे. तुमचं काय?" एवढ्यात दोघं एकमेकांना ओलांडून गेलेलेही असतात. "काय म्हणता?" असं विचारल्यावर आपण काहीच म्हटलेलं नसतं, तरीही "काही नाही, चाललंय" म्हणायचं असतं. काय चाललंय हे सांगायला थांबलात, तर पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला बघून रस्ता बदलेल.

प्रश्नही ऋतूप्रमाणे फिरतात. खालापूरच्या गावांत जुलैत "लावणी कुठवर आली?" हाच सकाळचा रामराम. मे महिन्यात कर्जतच्या आळीत बायका एकमेकींना हाक घालतात ती "काय गं, पाणी आलं का?" अशी. वादळी रात्रीनंतर "तुमच्याकडे लाईट आली का?" हा प्रश्न तर जातपात, पक्ष, भावकीचा तंटा काही पाहत नाही. चार वर्षं बांधावरून अबोला असलेला चुलतभाऊही डीपीकडे बघत तेवढं विचारून घेतो.

आणि बारमाही प्रश्न म्हणजे "चहा झाला का?" हा साधारण दहापर्यंत चालतो. त्यानंतर त्याची जागा "जेवण झालं का?" घेतं. यात एक मेख आहे. हे आमंत्रण नव्हे. चहा झालेला नसला तरी "आत्ताच झाला की" म्हणायचं. खरं बोलून "नाही झाला" म्हणालात, की समोरच्याला "मग या की घरात" म्हणावंच लागतं, आणि घरात दूध नासलेलं असतं. सत्यवचनी माणसाने सकाळी दहाच्या आत गावातून हिंडू नये.

ज्याला चौकशी नको, त्याच्यासाठी राम राम आहे, जय भीम आहे, माळकऱ्यांचं रामकृष्ण हरी आहे, सगळ्यांना चालणारा नमस्कार आहे. यातून माणूस कोणत्या वाटेचा आहे ते कळतं, घड्याळात किती वाजले ते नाही. पहाटेचा राम राम तिन्हीसांजेलाही तोच. आकडा मात्र सांभाळावा लागतो. दोनदा राम म्हटला तर भेट, आणि एकदाच म्हटला तर तिरडीची तयारी.

मग शुभ प्रभात घशात का अडकतं? एक तर आपल्या बोलण्यात 'शुभ' हे लग्नपत्रिकेचं आणि दुकानाच्या चौकटीचं सामान आहे. दुसरं, आपल्याकडे दुसऱ्याचं भलं चिंतण्याला उतार लागतो. "सुखी राहा", "यश येवो" हे वरून खाली येतं, आजीकडून नातवाकडे. बरोबरीच्या माणसाने सकाळी सातला, अंगात बनियन आणि हातात दुधाची पिशवी अशा थाटात तुमचा दिवस शुभ केला, तर वाकून पाया पडावं की काय, हे कळत नाही. 'सुप्रभात' त्याहून जुनं आणि सोवळं. सुप्रभातम् म्हणून उठवायचं ते देवाला. शेजारच्या नानांना उठवायला कुकरची शिट्टी पुरते. 'शुभ सकाळ' हे त्यातल्या त्यात साधं, पण तेही तोंडाने कुणी म्हणत नाही, अंगठ्याने पाठवतात. 'शुभ दुपार' ऐकून तर पोटातला भातही दचकतो. गंमत अशी, की 'गुड मॉर्निंग' मात्र कुणाला खुपत नाही. शाळेतली पोरं 'गुड मॉऽऽर्निंग सऽऽर' असं हेल काढून म्हणतात, त्या हेलात इंग्रजांचं काही उरलेलं नाही. पाहुणा पाहुण्याच्या कपड्यात आला तर शोभतो, त्याला आजोबांचा रेशमी कद नेसवला की पंचाईत.

मोबाइलवर शुभ प्रभात का फोफावलं, याचं उत्तरही इथेच आहे. व्हॉट्सॲपवर समोरचा माणूस दिसत नाही. पिशवी, टॉवेल, कोथिंबीर यातलं काहीच दिसत नाही, मग विचारणार काय? म्हणून गुलाबाचं फूल, वाफाळता कप आणि खाली सुविचार. रेडिओच्या निवेदकालाही तीच अडचण. तिथे ते शब्द खपतात, खपोत. घोटाळा होतो तो फोनमधले शब्द अंगणात आणले की.

अंगणात कुणी काय बोलावं हे कागदावर लिहून देण्याची हौस आपल्याला आहेच. २०२२ साली सरकारने परिपत्रक काढलं, की कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं. सक्ती नव्हती, आग्रह होता. शब्द वंदनीयच, त्याबद्दल वाद नाही. पण कचेरीत फोन लावणाऱ्याला सातबारा हवा असतो, आणि त्याच्या पहिल्या शब्दापर्यंत कुणाचं परिपत्रक पोचत नाही. तो "हॅलो, साहेब आलेत का?" असंच विचारतो.

कर्जतच्या रिसॉर्टवाल्यांनी मात्र सक्तीच केली आहे. शनिवारी मुंबईकर येतात, त्यांना मराठमोळं काही हवं असतं, म्हणून जवळच्या पाड्यातल्या मुलीला नऊवारी नेसवून, हात जोडायला लावून 'शुभ प्रभात, सर' शिकवतात. ती घोकून म्हणते. पाहुणे 'हं' म्हणतात. त्यानंतर दोघांनाही बोलायला काही उरत नाही, कारण शुभ प्रभातला पुढचं वाक्यच नाही. मॅनेजरला वाटतं, मुलगी लाजाळू आहे. तीच मुलगी कुंपणापलीकडच्या मावशीशी पाऊण तास बोलते, ते त्याला दिसत नाही.

परवा म्हणे ती चुकून घरच्यासारखं बोलून गेली. बादली घेऊन उभ्या असलेल्या पाहुणीला म्हणाली, "काय ताई, पाणी आलं का?" ताई लगेच रिसेप्शनला गेल्या आणि चोवीस तास पाणी असं जाहिरातीत लिहिलं होतं, म्हणून अर्धे पैसे परत मागू लागल्या.