शुभेच्छुक : कोणी नाही

नगरमध्ये वाढदिवस हा सार्वजनिक कार्यक्रम आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून जुन्याच पत्त्यावर राहते.) चौकातला फ्लेक्स बघा. मध्यभागी काळा चष्मा लावून, मोबाइल कानाला धरून उभा असलेला उत्सवमूर्ती, वर चार वरिष्ठ नेते आणि खाली आधारकार्डाच्या आकाराचे चाळीस शुभेच्छुक. एवढी माणसं तर नुसत्या कापडावर. प्रत्यक्ष सोहळ्यात डीजे असतो, फेसाचे फवारे असतात आणि केक तलवारीनं कापलेला असतो. त्याचा व्हिडिओ फिरला की दोन दिवसांनी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो आणि उत्सवमूर्तीचा फोटो पुन्हा छापून येतो, या खेपेला फुकट.

अशा शहरात सावेडीतल्या माझ्या भाच्यानं ठरवलं की बायकोचा वाढदिवस करायचा, सरप्राइज करायचा, हजार रुपयांत करायचा आणि त्यात माणसं नकोत. एमआयडीसीतली नोकरी आणि महिन्याची सोळा तारीख, त्यामुळे हजार रुपये हा आकडा त्यानं ठरवला नव्हता, तो उरला होता. भाचेसुनेला गर्दीचं वावडं आहे. लग्नात ती आहेर देऊन पहिल्या पंगतीला जेवते आणि वऱ्हाड वरातीत नाचत असताना घरी पोचलेली असते. व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम ती घरून करते, कारण आकडे दारावर येऊन ‘बसायला आलो’ म्हणत नाहीत.

भाचा सल्ल्याला माझ्याकडे आला. मी पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. तारीख जन्मानंच ठरलेली असली तरी वार आणि हंगाम बघावा लागतो. सोळा डिसेंबर मंगळवारी येत होता, हे उत्तम. रविवार असता तर पाहुणे आले असते. मार्गशीर्षातला गुरुवार असता तर हळदीकुंकवाच्या निमित्तानं अख्खी सोसायटी घरात शिरली असती. शिवाय अकरा तारखेला जीएसटीआर-१ भरून झालेला आणि वीसच्या ३बीला अजून वेळ, म्हणजे सूनबाईंचं डोकं त्यातल्या त्यात मोकळं. धोका एकच होता, महापालिका निवडणुकीचा हंगाम. या दिवसांत प्रभागातल्या इच्छुकांना मतदारांचे वाढदिवस मतदारांच्या आईपेक्षा जास्त पाठ असतात.

दुसरा मुद्दा सरप्राइजचा. सरप्राइज म्हणजे दिवा लावताच सोफ्यामागून पंधरा जण ओरडत बाहेर येणं, अशी आपली समजूत सिनेमानं करून दिली आहे. ज्याला गर्दी आवडते त्याला त्यात गंमत वाटते. ज्याला आवडत नाही त्याला सोफ्यामागे कोण आहे ही धास्ती आठवडाभर आधीपासून लागते. याची लक्षणं ओळखता येतात. नवरा बाल्कनीत जाऊन फोनवर बोलू लागला की बायको पडदे धुवायला काढते, कपबश्या मोजते, साखर जास्त आणून ठेवते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, ‘कोणी यायचंय का?’ हा प्रश्न दुसऱ्यांदा आला की समजावं, सरप्राइज पोचलेलं आहे, फक्त शिक्षेच्या रूपात.

भाच्याच्या घरी शनिवारीच पडदे उतरले होते. मी त्याला म्हटलं, गुपित ठेव, पण अर्धंच. किती माणसं आणि किती वाजेपर्यंत, एवढं आजच सांगून टाक. कुठे आणि काय, ते पोटात ठेव. त्यानं त्याच रात्री सांगितलं, ‘मंगळवारी संध्याकाळी तू आणि मी. साडेसातला घरी परत. पुढचं विचारू नको.’ सूनबाईंनी पडदे न धुताच परत लावले.

मग जागा. हॉटेलचा विचार त्यानं आधी केला होता. मी विचारलं, टेबल सांगताना ‘बर्थडे आहे’ म्हणालास का? म्हणाला, हो, काही सवलत मिळते का बघावं म्हणून. सवलत मिळत नाही, वेटर मिळतात. सहा जण टाळ्या वाजवत येतात, स्पीकरवर ते गाणं लागतं आणि शेजारच्या टेबलवरचे काकाही चमचा खाली ठेवून टाळ्यांत सामील होतात. टेबल रद्द झालं. गच्चीचाही विचार झाला, पण गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरींना सांगणं म्हणजे ग्रुपवर टाकणं. शिर्डी आणि शिंगणापूर या जिल्ह्यात शांततेसाठी कोणी सुचवत नाही. भंडारदरा सुरेख, पण अकोल्यापर्यंतच्या पेट्रोलमध्येच हजार रुपये संपून वर सूनबाईंकडून उसने घ्यावे लागले असते.

उरला चांदबिबीचा महाल. शहरापासून पाथर्डीच्या रस्त्यानं तेराएक किलोमीटरवर, डोंगरमाथ्यापर्यंत गाडी जाते. नाव चांदबिबीचं असलं तरी आत कबर आहे ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची. वाढदिवसाला कबर बघायला नेणं अशुभ नाही का, असं भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, यजमान चारशे वर्षांत कोणाशी एक शब्द बोललेला नाही, तुझ्या बायकोला याहून चांगली सोबत मिळणार नाही. वास्तू अष्टकोनी, तीन मजली, आणि तिथून सगळं नगर दिसतं, तेही आवाज वगळून.

मात्र नियम पाहिले पाहिजेत. हे संरक्षित स्मारक आहे. आत खायला बंदी, म्हणजे केक, मेणबत्ती, फुगे सगळं बाद. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, आणि सूर्यास्तानंतर तिथे थांबायचं नाही. थांबूही नये, कारण सध्या जिल्ह्यात एकांत शोधत फिरणारा आणखी एक जण आहे, बिबट्या. त्यालाही गर्दी आवडत नाही, पण दोघं जण म्हणजे गर्दी नव्हे, हे त्यालाही कळतं.

आता माणसं गाळायची. दर मदतनीस म्हणजे एक पाहुणा, हा हिशेब भाच्याला फार उशिरा कळला. साडेतीनला सुटायचं म्हणून त्यानं पहिली शिफ्ट मागून घेतली. कारण विचारलं तेव्हा ‘दाढ दुखतेय’ म्हणाला. साहेबांनी ओळखीच्या डॉक्टरांची संध्याकाळची वेळच घेऊन दिली. ती रद्द करायला आणखी दोघांना सांगावं लागलं. पुढे जेवण. जेवायला शेंगोळे करायचे ठरले, कारण थंडीत हुलग्यासारखं स्वस्त आणि उबदार दुसरं नाही आणि सूनबाईंना ते केकपेक्षा प्रिय आहेत. शिकवायला त्याची मामी, म्हणजे आमच्या मंडळी. त्यांनी शिकवलं मनापासून, पण ‘मी नुसता डबा द्यायला येऊ का? आत येणारच नाही’ असं वेगवेगळ्या आवाजांत विचारत राहिल्या. शेवटी डबाच रद्द झाला.

शेंगोळ्यांची अडचण अशी की ते आधी करून ठेवता येत नाहीत, रश्श्यात बसून ते पीठ होतात. तेव्हा काम वाटून घेतलं. हुलग्याच्या पिठात मिळून यायला थोडं गव्हाचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ, आणि घट्ट मळलेला गोळा. शिफ्टवरून आल्यावर सूनबाई लॅपटॉपपुढे असताना त्यानं स्वयंपाकघराचं दार लोटून वेटोळी वळली आणि कापडाखाली ताटात ठेवली. आत काय चाललंय ते तिला लसणाच्या वासावरून कळलं असणार, पण कोणी येणार नाही हे माहीत असल्यानं तिनं उठून बघितलं नाही. परत आल्यावर फक्त फोडणी, पाणी, आणि पाणी खळखळून उकळलं की एकेक शेंगोळं सोडायचं. सोडल्यावर लगेच डाव घालायचा नाही, मोडतात. थोडं पीठ पाण्यात कालवून ओतलं की रस्सा दाट होतो. वीस मिनिटांचं काम.

भेटीचं मी सुचवलं. अहमदनगर जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, आणि शहरातली ती एकच जागा जिथे ‘शांतता राखा’ ही पाटी सूनबाईंच्या बाजूनं आहे. सभासद करून द्यायचं तर अर्जावर सही तिचीच लागणार, म्हणजे सरप्राइज फुटणार. म्हणून भाच्यानं कोरा अर्ज आणि अनामत-वर्गणीसाठी ५०० रुपये पाकिटात घातले. कमी पडले तर पुढच्या पगारातून. पेट्रोल १००, शेंगोळ्यांचं सामान ९०, दोन पेस्ट्री १२०. पेस्ट्री घेताना ‘नाव काय लिहू’ असं दुकानदारानं विचारलं, तेव्हा ‘काही नको’ म्हणाला. दुकानदाराला दया आली. एकूण ८१०. उरलेले १९० आकस्मिक निधी.

मंगळवारी सव्वापाचला डोंगर चढले तर वर एसटीच्या दोन बसगाड्या. शाळेची सहल! डिसेंबर हा सहलींचा महिना, हे आम्ही दोघांनीही धरलं नव्हतं. इथे भाच्यानं शहाणपण केलं. ‘आता काय करायचं’ असा चेहरा न करता गाडी वळवली, खालच्या वळणावर कठड्याशी लावली आणि थर्मास काढला. स्मारकाची हद्द संपली होती, त्यामुळे पेस्ट्रीही निघाल्या. पंधरा मिनिटांत बसगाड्या उतरल्या. खिडक्यांतून शंभरेक पोरांनी ‘टाटा’ केलं. सूनबाईंनीही हात हलवला, म्हणाल्या, ‘जाणारी गर्दी मला आवडते.’ मग उजेड होता तेवढा वेळ दोघं वर जाऊन आले.

साडेसातला घरी पोचले तर जिन्यात फेस. सहाला प्रभागातले एक इच्छुक पंचवीस कार्यकर्ते, दोन किलोचा केक आणि फोटोग्राफर घेऊन शुभेच्छा द्यायला आले होते. दाराला कुलूप. पण केक परत नेणं अपशकुन आणि फोटोग्राफरचे पैसे आगाऊ दिलेले, म्हणून सेक्रेटरींच्या हॉलमध्ये सेक्रेटरींच्या हस्ते केक कापला गेला. आत भाषण चालू होतं. दोघं चपला हातात घेऊन वर गेले, दार लावलं, पाणी उकळायला ठेवलं.

शेंगोळे पानात पडेस्तोवर ग्रुपवर फोटो आले, खाली ओळ होती : ‘सौ. वहिनींचा वाढदिवस प्रचंड गर्दीत व उत्साहात संपन्न.’ सूनबाईंनी सगळे फोटो नीट पाहिले, कोण कोण आलं होतं ते वाचलं आणि दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत म्हणाल्या, ‘छान झालाय की. त्यांना सांगा, दर वर्षी येत जा. फक्त कधी येणार ते आधी कळवा.’