ऑगस्ट आटला

2024 सालच्या ऑगस्टच्या एक तारखेला मी राजारामपुरीतल्या एका जिमला वर्षभराचे 6000 रुपये भरले आणि अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी गुडघ्यानं साथ सोडली, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे गुडघा तयार होता, उरलेला मी तयार नव्हतो.

पण भरलेले पैसे वाया कसे घालवायचे? सहकारी बँकेत 34 वर्षं काढलेल्या माणसाला ते जमत नाही. जिमचा मालक म्हणजे पस्तिशीचा, एकेकाळी तालमीत घुमलेला गडी. त्याच्याकडं सभासदांची नोंद एका लांबट वहीत. कुणाची मुदत संपली हे बघायचं तर मागची पानं चाळायची. मी म्हटलं, "ठेव ती वही. तुला एक्सेलमध्ये करून देतो." वजनं उचलण्यापेक्षा हे हलकं वाटलं.

तालमीत हा प्रश्नच नसतो. गंगावेश म्हणा, मोतीबाग म्हणा, तिथं पोराचा चेहरा वस्तादाला पाठ असतो. आज कोण आला नाही हे सांगायला तिथं फॉर्म्युला लागत नाही. जिममध्ये मात्र महिना 800, तिमाही 2100 आणि वार्षिक 6000 असे तीन प्लॅन, आणि प्रत्येकाची मुदत वेगळ्या दिवशी संपते.

14 ऑगस्टला बसून मी नाव, प्लॅन, महिने, सुरुवात असे रकाने पाडले आणि वहीतल्या तारखा जशाच्या तशा उतरवल्या. मुदतीसाठी हा फॉर्म्युला:

```
=EDATE(D2,C2)-1
```

म्हणजे सुरुवातीच्या तारखेत तेवढे महिने मिळवायचे आणि एक दिवस वजा करायचा. 5 ऑगस्टला आलेल्याचा महिना 4 सप्टेंबरला संपतो. एक दिवस वजा केला नाही तर प्रत्येकाला एक दिवस फुकट मिळतो. ही बारीक गोष्ट ध्यानात आल्यावर मी स्वतःवरच खूश झालो आणि मुदत संपलेले लाल दिसतील अशी सोयही करून टाकली.

पडदा लालेलाल झाला. आठ-दहा ओळींत नुसतं #VALUE! आलं होतं. ती किरकोळ गडबड असणार म्हणून मी लाल नावांना तेवढे निरोप धाडले. संध्याकाळी एक पोरगा पावती नाचवत आला. त्याला मी कळवलं होतं की तुझी मुदत 68 दिवसांपूर्वी संपली आहे. त्याला जिममध्ये येऊन नऊ दिवस झाले होते.

झालं होतं असं. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. माझा लॅपटॉप मात्र अमेरिकेच्या सेटिंगवर होता आणि तिकडं आधी महिना. त्यामुळं 05/08/2024 ही 5 ऑगस्ट न राहता 8 मे झाली. एक्सेल तारीख अशी साठवतच नाही. त्याच्या पोटात फक्त दिवसांचा आकडा असतो. 5 ऑगस्टचा 45509, 8 मेचा 45420. एकदा चुकीचा आकडा पोटात गेला की नंतर सेटिंग भारताचं केलं तरी तो दुरुस्त होत नाही.

गंमत म्हणजे #VALUE! वाले प्रामाणिक निघाले. 13 तारखेला आलेल्यांचा तेरावा महिना एक्सेलला सापडेना, म्हणून त्यानं ती तारीख साधा मजकूर समजून सोडून दिली. असा मजकूर रकान्यात डाव्या कडेला चिकटतो, खरी तारीख उजवीकडं सरकते. रोग ओळखायची खूण एवढीच. खरा धोका बारा तारखेच्या आतल्यांचा, कारण तिथं चूक निमूटपणे बरोबर दिसते. 12 ऑगस्टला आलेल्या एका गृहस्थांची सुरुवात 8 डिसेंबर झाली आणि 800 रुपयांत त्यांना 7 जानेवारीपर्यंत मुदत मिळाली. त्यांनी तक्रार केली नाही. 8/8 ला आलेला एकटाच बिनचूक निघाला.

सेटिंग बदलून सगळ्या तारखा 5-Aug-2024 अशा, महिन्याचं नाव घालून पुन्हा भरल्या. आठवणीचा रकानाही सुधारला. आधी मी मुदतीला बरोबर सात दिवस उरलेल्यांची यादी काढत होतो. पण रविवारी फाईल कोण उघडतंय? त्या दिवशी सात दिवस उरलेला माणूस सोमवारी सहावर यायचा आणि यादीतून कायमचा सुटायचा. मग शून्य ते सात दिवस उरलेले सगळे यादीत घेतले आणि 'कळवलं' असा एक रकाना जोडला. मालक म्हणाला, "काका, नाद खुळा!" मी दोन महिने त्या शब्दांवर काढले.

नोव्हेंबरच्या मध्याला त्याचा फोन आला. "काका, ऑगस्टचं पैसं कुठं गेलं?"

ऑगस्टअखेरचा हिशोब त्यानं छापून भिंतीला चिकटवला होता: महिनेवाले 26, त्यांचे 20800, तिमाही 9, त्यांचे 18900, वार्षिक दोन, त्यांचे 12000. एकूण 51700. आता पडद्यावर त्याच ऑगस्टचे 27100 दिसत होते. "चोरी म्हणायची तर गल्ला बरोबर हाय. पावतीपुस्तक 51700 च सांगतंय. तुमचा ऑगस्ट तेवढा आटलाय."

मी लॅपटॉप घेऊन गेलो. अर्धा तास फॉर्म्युल्याला दोष दिला. मग ध्यानात आलं आणि घाम फुटला. त्या जिममध्ये मला घाम फुटल्याची ती पहिलीच खरी वेळ. एखाद्यानं नूतनीकरण केलं की मी त्याच्याच ओळीत जुनी तारीख खोडून नवी घालत होतो. ऑगस्टच्या 26 पैकी 15 जणांनी सप्टेंबरात पुन्हा पैसे भरले, त्यांचे 12000 ऑगस्टमधून उठून सप्टेंबरात जाऊन बसले. नऊ तिमाहीवाल्यांपैकी सहा जण नोव्हेंबरात पुन्हा आले, त्यांचे 12600 गेले. 51700 तून 24600 वजा केले की 27100. म्हणजे जो सभासद टिकला त्याचा जुना पैसा पुसला जात होता, आणि माझ्या ऑगस्टमध्ये उरले होते ते फक्त पळून गेलेले आणि दोन वार्षिक. त्यातला एक मी.

रोजकीर्दीतली नोंद खोडायची नाही, हे बँकेत पहिल्या दिवशी मला शिकवलं होतं. ते मी पुढं 34 वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. आणि मालकाच्या ज्या वहीला मी हसत होतो, तिच्यात प्रत्येक पावतीला नवी ओळ होती.

मग दोन पानं केली. सभासदांचं एक, पावत्यांचं दुसरं. पैसे आले की पावत्यांत नवी ओळ, जुनीला हात नाही. तारखाही दोन: पैसे कधी भरले आणि मुदत कधीपासून. कुणी तीन दिवस आधी पैसे भरले तर नवी मुदत जुनी संपल्यावरच सुरू व्हायला हवी, नाहीतर त्याचे तीन दिवस बुडतात आणि वेळेत भरणाराच मूर्ख ठरतो. सभासदाची मुदत म्हणजे त्याच्या पावत्यांतली मुदत संपण्याची सगळ्यात पुढची तारीख. उत्पन्न मात्र पैसे भरल्याच्या तारखेवर, उदाहरणार्थ तिमाहीचं:

```
=SUMIFS(F:F,B:B,"तिमाही",C:C,">="&H1,C:C,"<"&EDATE(H1,1))
```

H1 मध्ये महिन्याची पहिली तारीख, B मध्ये प्लॅन, C मध्ये पैसे भरल्याचा दिवस, F मध्ये रक्कम. पावतीपुस्तक समोर धरून दोन दिवस सगळं पुन्हा भरलं. ऑगस्ट 51700 वर आला आणि तिथंच राहिला. मालकाला एवढंच बजावलं, की वार्षिकचे 12000 ऑगस्टच्या रांगेत दिसले तरी महिन्याला त्यातले हजारच तुझे. बाकीचे पुढच्या अकरा महिन्यांच्या व्यायामाचे.

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. माझं नाव वाचलं. मग माझ्याकडं, विशेषतः पोटाकडं पाहिलं.

"काका, ह्यात हजेरीचा एक रकाना घाला की."

ते तांत्रिकदृष्ट्या किती अवघड आहे, हे मी त्याला बराच वेळ समजावून सांगितलं.